तिन्ही बाथरूम एकदम फोडायची का?

प्रश्न: "मुलुंड, भांडुप आणि विक्रोळीला आमचे तीन फ्लॅट भाड्याने दिलेत. तिन्हीकडे गळती आणि ओल काही संपत नाही. ठेकेदार म्हणतो, तिन्ही बाथरूम एकदम फोडून वॉटरप्रूफिंग करून टाका, प्रत्येकी ८५ हजार. एफडी मोडून २ लाख ५५ हजार घालावेत का? तीन वर्षांची बिलं आणि भाडेकरूंचे मेसेज सोबत पाठवतोय."

उत्तर: पूर्ण एफडी मोडू नका. भांडुपसाठी खर्च करावा लागेल असं दिसतंय, पण तोही एक चाचणी करून मगच.

बिलावरून फक्त रक्कम कळते. म्हणून तुमचे मेसेज आणि बिलं मी एका तक्त्यात मांडली: तारीख, फ्लॅट, ओल नेमकी कुठे, भाडेकरू काय म्हणाला, कारागिराने काय केलं, किती घेतले आणि तीच तक्रार परत कधी आली. यातला शेवटचा रकाना सहसा कोणी ठेवत नाही, पण सगळं उत्तर त्यातच होतं.

मुलुंडच्या ओलीच्या सगळ्या तक्रारी जूनअखेर ते सप्टेंबरमधल्या आहेत आणि दरवर्षी हॉलच्या त्याच पश्चिमेकडच्या भिंतीच्या. बाथरूम बारा महिने वापरात असतं. तिथून पाणी येत असतं तर फेब्रुवारीतही मेसेज आला असता. म्हणजे हे पावसाचं पाणी आहे, बाहेरच्या भिंतीतून येणारं. आतून तीनदा रंग काढण्यात तुमचे २१ हजार गेले. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. तारखांसकट फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. तो ऑक्टोबरमध्येच द्या, म्हणजे पुढच्या पावसाआधी बाहेरचं काम करायला कोरडे महिने हाताशी राहतील.

विक्रोळीत जागा दरवेळी वेगळी: कधी फ्लश टाकी, कधी बेसिनखालचा अँगल कॉक, कधी किचनचा नळ. फ्लॅटनुसार पाहिलं तर काहीच संगती लागत नाही. तोच तक्ता कारागिरानुसार लावला तेव्हा दिसलं की ही सगळी कामं एकाच प्लंबरची आहेत आणि मुलुंडला त्याने केलेली दोन कामंही तीन महिन्यांच्या आत परत निघाली. तो लावतो ते सामान हलकं असेल किंवा जोडणी कच्ची, पण दोष बाथरूमच्या फरशीत नाही. प्लंबर बदला, फिटिंग्ज स्वतः बिलावर विकत घ्या आणि सहा महिने नोंद ठेवा.

आता भांडुप. इथे खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल येते आणि मेसेज वर्षभर विखुरलेले आहेत. टाइल्सच्या फटी चार वेळा भरून घेतल्या, साडेसहा हजार प्रमाणे २६ हजार. तीन वर्षांत २६ हजार म्हणजे वर्षाला साधारण ८,७०० रुपये. एवढंच धरलं तर ८५ हजार वसूल व्हायला दहा वर्षं लागतील आणि ठिगळं लावणंच स्वस्त वाटेल. पण शेजाऱ्यांचं छत रंगवायला दिलेले १२ हजार आणि वैतागून भाडेकरू गेल्यावर महिनाभर बुडालेलं २८ हजारांचं भाडं याच गळतीच्या खाती लिहा. एकूण ६६ हजार, वर्षाला २२ हजार. मग ८५ हजार चार वर्षांच्या आत भरून निघतात. एवढ्या रकमेवर ७ टक्क्यांनी एफडीचं व्याज वर्षाला सहा हजारही होत नाही.

तरी फोडायच्या आधी नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर दोन-तीन इंच पाणी चोवीस तास साठवा. पातळीला भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि त्या काळात बाथरूमचे नळ वापरू नका. पातळी उतरली आणि खाली ओल वाढली तर फरशी किंवा ट्रॅपचा सांधा गळतोय. पातळी तशीच राहिली आणि ओल चालूच असेल तर पाइप तपासा. तो बदलणं पूर्ण फोडण्यापेक्षा बरंच स्वस्त पडेल.

कोटेशन एकच घेतलंत, हे मला खटकलं. निदान तीन घ्या आणि नाकारलेलीही जपून ठेवा. फोडकाम, डेब्रिज उचलणं, ब्रिकबॅट कोबा, केमिकल कोटिंग, टाइल्स, जीएसटी या ओळी वेगवेगळ्या लिहून मागा. ५५ हजारांच्या कोटेशनमध्ये टाइल्स आणि डेब्रिज धरलेलंच नसेल, तर ते ८५ हजारांपेक्षा स्वस्त आहे असं म्हणता येत नाही.

कराबद्दलही सांगतो. भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा भरलेला मालमत्ता कर वजा करून उरेल त्यावर ३० टक्के ठोक वजावट मिळते, दुरुस्ती किती झाली हे तिथे विचारलं जात नाही. त्यामुळे "बिल दाखवून टॅक्स वाचेल" हे ठेकेदाराचं म्हणणं मनावर घेऊ नका.

तीन वर्षांच्या थोड्या नोंदींवरचं हे निदान आहे. विक्रोळीचा भाडेकरू तक्रारच करत नसेल तर तक्ता तिथे गप्प राहील, म्हणून भाडेकरार नव्याने करताना स्वतः जाऊन बेसिनखाली हात लावून बघा.