‘शिक्का मार, ओरिजिनल उद्या येतील’

“मॅडम, बँकेच्या मुलाखतीत हमखास विचारतात, टार्गेटसाठी मॅनेजरने नियम वाकवायला सांगितला तर काय कराल? नाही म्हटलं तर उद्धट ठरतो, हो म्हटलं तर बेइमान. नेमकं बोलायचं काय?”

साताऱ्याकडची एक मुलगी पीओच्या मुलाखतीची तयारी करायला माझ्याकडे येत होती. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. सराव मुलाखतीला मी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना बोलावते, मुलं त्यांना काका म्हणतात. काकांनी प्रश्न मोघम ठेवला नाही. “३१ मार्च, संध्याकाळचे पाच. दहा खाती कमी पडतायत. एका ठेकेदाराने मजुरांच्या आधारच्या झेरॉक्स आणि अंगठे उठवलेले फॉर्म आणून टाकलेत. मॅनेजर म्हणतात, शिक्का मार, सही कर, ओरिजिनल उद्या येतील. बोला.”

ती ताठ बसून म्हणाली, “मी नकार देईन आणि व्हिजिलन्सकडे तक्रार करेन.”

“तक्रारीत काय लिहाल? अजून तर काहीच घडलेलं नाही.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “मॅनेजरसाहेबांना समजावून सांगेन.” काका म्हणाले, “काय समजावाल?” इथेही गाडी अडली. बहुतेक मुलं इथेच अडतात. त्यांच्याकडे बाणा असतो, पण तो नियम कशासाठी आहे हेच ठाऊक नसतं, त्यामुळे ‘प्रामाणिकपणा माझं मूल्य आहे’ असलं पाठ केलेलं वाक्य बाहेर पडतं. मला त्या वाक्याचा आता कंटाळा आलाय.

मग आम्ही तिघं तो शिक्का घेऊन बसलो. झेरॉक्सवर मारतात त्या शिक्क्याचा अर्थ ‘मूळ प्रत पाहून पडताळली’, आणि त्याखाली सही असते अधिकाऱ्याची. म्हणजे न पाहिलेली गोष्ट पाहिली असं लिहून द्यायचं. त्यातून काय होऊ शकतं? मजुराच्या नावाचं खातं, पण एटीएम कार्ड आणि सिम ठेकेदाराच्या खिशात. उद्या फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरले, तर पोलीस मजुराच्या दारात उभे राहतात. आणि चौकशीत फाइल उघडली की सही कुणाची, हे आधी बघतात.

दुसरी बाजूही बघायची. टार्गेट खोटं नाही, मॅनेजरवरही वरून दडपण आहे, म्हणून सरळ वाट आहे का ते शोधायचं. आधार नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं, सरकारी अधिकाऱ्याच्या सहीचं रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं. यातलं काहीच नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ‘लहान खातं’ आहे: शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, महिन्याला काढता येतात १० हजार. पण त्यालाही माणसाने अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा द्यावा लागतो. माणूस न येता खातं, ही सोय त्यात नाही.

आठवड्याने तिने उत्तर दिलं ते असं: “साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगेन, मी मूळ कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे शिक्का मारता येणार नाही. ठेकेदाराला फोन लावते, आत्ता जेवढे मजूर येतील तेवढ्यांची खाती मी थांबून उघडते. चार झाली तर चार. उरलेली एप्रिलमध्ये, साइटवर जाऊन.”

काकांनी फास आवळला. “मी लेखी देतो, जबाबदारी माझी.”

“साहेब, तुमच्या लेखी देण्याने मी कागद पाहिले असं होत नाही.”

“मग तुमचा आयडी द्या, मी दुसऱ्याकडून करून घेतो.”

इथे ती क्षणभर थांबली. बँकेच्या प्रणालीत एक जण नोंद करतो, दुसरा ती मंजूर करतो. दोघांचे आयडी वेगळे असतात ते याचसाठी. म्हणाली, “पासवर्ड देणार नाही. आणि माझ्या नावाने असं काही झालेलं दिसलं, तर त्याच दिवशी प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवेन.” तक्रारीची जागा आली ती इथे.

एक मात्र मी तिला बजावलं. प्रत्येक नियमाला हा पवित्रा घ्यायचा नाही. एखादं शुल्क माफ करणं मॅनेजरच्या अधिकारात बसत असेल आणि ते तसं सांगत असतील, तर तिथे नीतीचा पेच नाही, ते त्यांचं काम आहे. म्हणून आधी विचारायचं, ही सवलत द्यायचा अधिकार कुणाला आहे? केवायसीत तो शाखेला नाही.

“आणि गोपनीय अहवाल खराब लिहिला तर?” काकांचा शेवटचा प्रश्न.

“लिहू शकतात, सर. वाईट वाटेल,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी चार खाती मी उघडली, हेही त्यात लिहा म्हणेन.”

काका हसले आणि चहा मागवला.