बायनरीचे ऑक्टल करताना उत्तर चौपट का झाले?

प्रश्न: अकरावीच्या वर्कशीटमध्ये १०११०१० चे ऑक्टल मी ५५० लिहिले, उत्तर १३२ आहे. अंक कुठे चुकले?

उत्तर: तुम्ही गट डावीकडून पाडलेत: १०१, १०१, ०. शेवटी उरलेल्या एकट्या शून्याला पूर्ण गटाचे स्थान मिळाल्यामुळे मूळ संख्येच्या उजवीकडे नकळत दोन शून्ये वाढली, आणि बायनरीत प्रत्येक वाढीव शून्य किंमत दुप्पट करते. दादरला शिकवताना हीच चूक मला वह्यांमध्ये वारंवार दिसते.

दशमानात पडताळून पाहा: ६४ + १६ + ८ + २ = ९०, तर ऑक्टल ५५० म्हणजे ३६०, बरोबर चौपट. गट उजवीकडून पाडून अपुऱ्या गटाला डावीकडे शून्ये जोडली, की ००१, ०११, ०१० म्हणजे १३२ मिळते. उत्तर नेमके दुप्पट किंवा चौपट आले, तर आधी गटच तपासावेत.