सशाचा पहाटेचा घास

आमची सशीण सकाळी सकाळी स्वतःचीच शी खाते. मुलगी बघून किंचाळली. पोटात जंत झालेत का? ही सवय सोडवायची कशी? (घोडबंदर रोड, ठाणे)

सोडवू नका. जंतांचा इथे काही संबंध नाही. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. ट्रेमध्ये दिसतात त्या कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या. दुसऱ्या मऊ, काळपट, चकचकीत आणि तुतीच्या फळासारख्या घोसात. त्या बहुतेक रात्री किंवा पहाटे येतात आणि ससा त्या न चावता गिळतो. मुलीने पाहिलं ते हेच.

गाय चारा आंबवते पुढच्या पोटात, मग तो पुढच्या आतड्यात पचतो. सशाचा हा कारखाना मागच्या बाजूला आहे. लहान आतडं संपतं तिथे सीकम नावाची एका टोकाला बंद असलेली मोठी पिशवी असते. तिच्यापुढचं आतडं चाळणीसारखं काम करतं: जाड तंतू पुढे सरकून कोरड्या लेंड्या होतात, बारीक कण आणि पाणी उलटं ढकललं जाऊन सीकममध्ये जातं. तिथले जिवाणू त्यातून प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार करतात. पण प्रथिनं पचवून शोषणारं लहान आतडं तर मागेच राहिलं! म्हणून हा माल पुन्हा तोंडातून आत जावा लागतो. मऊ लेंडीवर चिकट आवरण असतं, त्यामुळे ती पोटातल्या आम्लात काही तास टिकते. रवंथ म्हणा हवं तर, फक्त लांबच्या वाटेने.

पिंजऱ्याला जाळीचा तळ बसवला तर शी खाली पडेल ना? (खारघर)

कोरडी पडेल. मऊ लेंडी ससा मान वळवून थेट गुदद्वाराशीच तोंडात घेतो. जाळीने तळपाय मात्र सोलवटतील.

दोन वर्षांचा नर, वजन दोन किलो. हल्ली त्याच्या मागे काळं चिकट लागलेलं असतं, घाण वास येतो. पेलेट वाटीभर खातो, रोज अर्धं केळंही. जुलाब आहेत का? (ऐरोली, नवी मुंबई)

आधी ट्रे नीट बघा. चिकट गोळ्यांबरोबर कोरड्या, गोल लेंड्याही असतील आणि ससा नेहमीसारखा खातपित असेल, तर हे जुलाब नाहीत, न खाल्लेल्या मऊ लेंड्या आहेत. सगळंच पातळ असेल, ससा कोपऱ्यात बसून असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

तुमच्या पत्रात गवताचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते घोडं तिथेच अडलंय. पिठूळ, गोड खाण्याने सीकममधल्या जिवाणूंचा तोल बिघडतो, घोस नीट बांधला जात नाही, आणि पोट पेलेटने भरलेलं म्हटल्यावर ससा तो खायलाही वळत नाही. त्यात वजन वाढलं असेल तर मान मागे पोहोचतच नाही.

केळं आजच बंद. पेलेट एकदम नको. वाटीभर म्हणजे शंभर ग्रॅम धरले, तर दोन-तीन आठवड्यांत थोडे थोडे कमी करत दिवसाला चाळीसेक ग्रॅमवर आणा. सुकं गवत मात्र चोवीस तास समोर, सशाच्या अंगाएवढा ढीग. ससे आधी नाक मुरडतात. पेलेट घटले की खातात. तीन आठवड्यांनीही मागची बाजू माखत असेल, तर दाढा आणि पाठीचा कणा तपासून घ्या. दाढ टोचत असेल किंवा कंबर दुखत असेल, तर ससा खाली वाकत नाही.

तोवर माखलेला भागच कोमट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा, अख्खी आंघोळ घालू नका. पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा बघाच. त्या वासावर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरू शकतात. अळी दिसली तर थेट दवाखाना.

नसबंदीनंतर गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली आहे. मऊ लेंड्या खाता येत नाहीत. अशक्तपणा येईल का? (कोपरी, ठाणे)

दोन-तीन दिवसांत अशक्तपणा येणार नाही. पहाटे ताजा घोस खाली दिसला तर चिमटीत धरून तोंडाशी न्या. काही ससे खातात, काही ढुंकूनही बघत नाहीत. टाके चाटत नसेल, तर डॉक्टरांना विचारून कॉलर काढताही येईल. सशाला ती बहुधा नकोच असते. खरी नजर कोरड्या लेंड्यांवर ठेवा. बारा तास त्या आल्या नाहीत किंवा त्याने गवताला तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट न बघता निघा. आणि घरातलं मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप टाक्यांसाठी म्हणून चुकूनही पाजू नका, त्याने सीकममधले चांगले जिवाणूच आधी मरतात.