सुटी झाली, पण खाट रिकामी झाली का?

प्रश्न : आमचं जळगावात शंभर खाटांचं रुग्णालय आहे. महिन्याच्या हिशोबात ८२ टक्के खाटा भरलेल्या दिसतात, तरी दुपारी आलेल्या पेशंटला ‘खाट नाही’ सांगावं लागतं. आणखी वीस खाटा टाकाव्यात का? (रुग्णालय संचालक, जळगाव)

एवढ्यात टाकू नका. तुमचे ८२ टक्के हे मध्यरात्रीचे आहेत. खाटांची मोजणी रात्री बाराला होते. तोवर सुटी झालेले सगळे घरी पोचलेले असतात, म्हणून दुपारी एकची कोंडी त्या आकड्यात उतरतच नाही.

तुमच्याच आकड्यांवरून एक दिवस मांडून बघू. शंभर खाटा आणि तीस दिवस म्हणजे ३,००० खाट-दिवस. रोजच्या मध्यरात्रीच्या मोजणीची बेरीज २,४६० आली की ८२ टक्के होतात. त्या महिन्यात साधारण ६०० जणांना सुटी झाली असं धरू, म्हणजे रोज वीस. आता रात्री बाराला ८२ रुग्ण आहेत. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टरांनी वीस जणांना ‘आज घरी जा’ सांगितलं. दुपारी एकपर्यंत त्यांतले तिघेच निघाले आणि ओपीडी व कॅज्युअल्टीतून चौदा जण नव्याने दाखल झाले. आकडा ९३ वर गेला. उरलेल्या सात खाटांमध्ये दोन आयसीयूच्या, तीन स्पेशल रूमच्या आणि दोन पुरुष वॉर्डातल्या असतील, तर यावलहून आलेल्या बाईला महिला वॉर्डात जागा मिळणार कुठून? त्याच वेळी सतरा रुग्ण पिशव्या भरून, चपला घालून खाटेवर बसलेले असतात. संध्याकाळपर्यंत ते जातात, आणखी सहा जण येतात आणि रात्री पुन्हा ८२.

वीस रुग्ण प्रत्येकी सहा तास थांबले की १२० खाट-तास जातात, म्हणजे दिवसभराच्या पाच खाटा. सरासरीत पाच हा आकडा लहान वाटतो, पण तो सगळा भार अकरा ते पाच याच वेळेत पडतो. तिघांऐवजी दहा जण एकपर्यंत निघाले तर ऐन गर्दीत सात खाटा हाताशी येतात, त्याही भिंत न बांधता आणि शुश्रूषागृह नोंदणीत वाढीव खाटांचा अर्ज न करता.

हे करूनही मध्यरात्रीचा आकडा महिनोन्‌महिने ८५ च्या वर राहिला, तर खाटा जरूर वाढवा. मात्र एकूण खाटा नव्हे, ज्या वॉर्डात अडचण आहे त्या वॉर्डाच्या. पावसाळ्यानंतर डेंग्यूची गर्दी होते, ती काही आठवड्यांची असते. तिच्यासाठी कायमच्या खाटा टाकल्या तर जानेवारीत त्या रिकाम्या राहतात आणि पगार मात्र चालू राहतात.

प्रश्न : वडिलांना सकाळी दहाला सुटी सांगितली आणि सोडलं संध्याकाळी सहाला. शहाद्याहून पुढे गावाकडची शेवटची एसटी निघून गेली. एवढा दिवस जातो कशात? (एक मुलगा, शहादा तालुका)

तुमचा त्रागा रास्त आहे. डॉक्टर ‘सुटी’ म्हणतात तेव्हा काम संपत नाही, सुरू होतं. आरएमओ, म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, डिस्चार्ज समरी लिहितात. न वापरलेली औषधं फार्मसीत परत जातात. लॅब, एक्स-रे आणि ऑपरेशन थिएटरचे चार्ज बिलात चढतात. विमा असेल तर बिल आणि समरी विमा कंपनीकडे जातात. मग पैसे भरायचे, गेटपास घ्यायचा. ही कामं एकामागून एक चालतात आणि सगळी समरीपाशी अडतात. आरएमओ ती बहुतेक वेळा सगळे राउंड उरकल्यावर, दुपारी लिहायला बसतात.

विमा असलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून सुटीची मागणी आल्यावर विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. पण हे तीन तास सकाळी दहापासून मोजत नाहीत, मागणी पोचल्यापासून मोजतात. रुग्णालयानेच कागद अडीचला पाठवले, तर साडेपाचला आलेली मंजुरी नियमात बसते. म्हणून काउंटरवर ‘विम्याचं अजून आलं नाही’ असं सांगितलं की ‘तुम्ही कितीला पाठवलं?’ हे विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णाला बिल भरायचं नसतं, पण कागद पूर्ण करावेच लागतात. तिथे आरोग्यमित्राला आदल्या दिवशीच भेटा.

आपल्या भागात उशिराचं आणखी एक कारण आहे आणि त्यात दोष कुणाचाच नाही. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा माणूस दहाला ‘सुटी’ ऐकतो, मग गावाकडे फोन लावतो, तिथून कुणीतरी पैसे आणि गाडी घेऊन निघतो. तो पोचेपर्यंत तीन वाजतात. हेच आदल्या संध्याकाळी कळलं असतं तर तो सकाळीच हजर असता.

म्हणून उपाय संध्याकाळच्या राउंडला सुरू होतो. पाचच्या सुमारास प्रत्येक वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर ‘उद्याची संभाव्य सुटी’ अशी यादी करते. नाइटचे आरएमओ त्या रुग्णांची समरी अर्धी लिहून ठेवतात. शेवटच्या रक्ततपासणीचा नमुना सकाळी सहाला जातो, म्हणजे राउंडच्या आत रिपोर्ट हातात येतो. औषधं रात्रीच परत होतात आणि नातेवाइकांना अंदाजे बिल सांगितलं जातं. यादीतल्या काहींची सुटी सकाळी रद्द होणारच, ताप पुन्हा चढला की ती व्हायलाच हवी. ‘संभाव्य’ हा शब्द त्यासाठीच आहे आणि नातेवाइकांनाही तो त्याच अर्थाने सांगावा. तुम्ही तुमच्या बाजूने संध्याकाळी एवढंच विचारा : ‘सिस्टर, उद्या सुटीची शक्यता आहे का?’

प्रश्न : एनएबीएच या रुग्णालय मानांकनाची तयारी चालू आहे. आमचा सुटीचा सरासरी वेळ एक तास चाळीस मिनिटं येतो. असेसर तो मान्य करतील का? (क्वालिटी कोऑर्डिनेटर, धुळे)

घड्याळ कुठे सुरू होतं ते आधी तपासा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सुटी ठरवली ती सुरुवात, आणि रुग्णाने वॉर्ड सोडला तो शेवट. बऱ्याच रुग्णालयांत सॉफ्टवेअर फाइल बिलिंगला पोचल्यापासून मोजतं आणि पावती फाडल्यावर थांबतं. तुमचा आकडा असाच निघाला असावा अशी मला दाट शंका आहे. असेसर दोन-तीन केसपेपर मागवतात. डॉक्टरांची नोंद १०.१० ची, सिस्टरच्या नोंदीत रुग्ण वॉर्डातून निघाला ५.४० ला आणि तुमच्या तक्त्यात पावणेदोन तास, हे शेजारी शेजारी ठेवलं की काही बोलायला उरत नाही. वेळ जास्त आहे म्हणून कुणी नापास करत नाही. चुकीचं मोजमाप आणि त्यावर काहीच हालचाल न करणं, अडचण तिथे येते.

दुसरं, सगळ्यांची एकच सरासरी काढू नका. दहा रुग्ण घ्या. सात रोखीचे दोन-दोन तासांत गेले, तीन विम्याचे सात-सात तास थांबले. सरासरी साडेतीन तास, पण साडेतीन तास थांबलेला एकही माणूस तिथे नाही. रोख, विमा आणि योजना असे तीन वेगळे तक्ते करा. कशावर काम करायचं ते त्यातूनच कळेल.

प्रश्न : आखाजीला निम्म्या सिस्टर रजा मागतात. नाही म्हटलं तर नाराजी, हो म्हटलं तर वॉर्ड उघडा. (नर्सिंग सुपरिंटेंडंट, भुसावळ)

लग्न झालेली लेक आखाजीला माहेरी जाते, हे खान्देशात कुणी कुणाला समजावून सांगायला नको. ती रजा मागणारच, हे धरूनच वेळापत्रक करायला हवं. नेमका तोच उन्हाचा कडाका असतो आणि उष्माघाताचे रुग्ण येत असतात, म्हणून त्या आठवड्यात हात कमी करता येत नाहीत.

मूळ अडचण मात्र वर्षभराची आहे. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला २१ पाळ्या लागतात. एक सिस्टर सहा करते, म्हणजे साडेतीन जणी. त्यात आजारपण आणि हक्काच्या रजा यांच्यासाठी ३० टक्के राखीव धरले की साडेचार. तुमच्याकडे एका जागेमागे तीनच असतील तर वॉर्ड डबल ड्युटीवर चालतो आणि एका रजेने तो कोसळतो. आधी ही भागणी प्रत्येक वॉर्डासाठी करून व्यवस्थापनापुढे ठेवा.

सणाचं असं करा. दोन महिने आधी यादी लावा : आखाजी, कानबाई, दिवाळी, ईद, नाताळ. ज्यांना यंदा आखाजी मिळाली त्यांनी दिवाळीची एक रात्र घ्यायची, पुढच्या वर्षी उलट. ठरवाठरवी सिस्टरनी आपसात करावी, तुम्ही फक्त प्रत्येक पाळीत अनुभवी माणूस आहे ना ते बघा. ठरवून करायची ऑपरेशनं त्या दोन दिवसांत कमी ठेवायला सर्जनना सांगा. आणि संभाव्य सुटीची यादी त्या आठवड्यात चुकवू नका. कागदासाठी खोळंबलेल्या रुग्णालाही सिस्टर लागतेच.

प्रश्न : मी सहायक प्रशासक आहे. प्रोफाइलमध्ये ‘१५० खाटांच्या रुग्णालयाचे व्यवस्थापन, रुग्णप्रवाहात लक्षणीय सुधारणा, मनुष्यबळाचा प्रभावी वापर’ असं लिहिलंय. मुलाखतीचं बोलावणं येत नाही. (अमळनेर)

या तीन ओळी कुणाच्याही नावाखाली खपतील. निवड करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो : १५० खाटा नोंदणीतल्या की चालू असलेल्या? अनेक ठिकाणी नोंदणी १५० ची आणि सिस्टर ११० खाटांपुरत्याच असतात. दोन्ही आकडे लिहा, आयसीयू वेगळं लिहा. मानांकनाबद्दलही तसंच. ‘एनएबीएचमध्ये सहभाग’ लिहिण्यापेक्षा मानकांतलं कोणतं प्रकरण तुमच्याकडे होतं, असेसरनी कोणती त्रुटी काढली आणि ती कशी भरून काढली ते लिहा.

‘लक्षणीय’ काढा. त्याजागी असं वाक्य येऊ द्या : ‘दोन जनरल वॉर्डांत आदल्या संध्याकाळची सुटी-यादी सुरू केली, डॉक्टरांच्या नोंदीपासून रुग्ण वॉर्डाबाहेर पडेपर्यंतचा वेळ इतक्यावरून इतक्यावर आला, मोजणी इतके महिने, इतके रुग्ण, विम्याच्या रुग्णांत फरक कमी.’ आकडे तुमच्या रजिस्टरमधलेच घाला. शेवटचा तुकडा गाळू नका. जिथे जमलं नाही तेही लिहिणारा उमेदवार खरोखर मोजत होता, हे मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळतं, आणि पुढचा प्रश्न तो त्याच जागी विचारतो. त्या उत्तराची तयारी करून जा : मागणी विमा कंपनीकडे सरासरी कितीला जात होती, आणि ती लवकर जावी म्हणून तुम्ही आरएमओंशी काय ठरवलंत.