केसांच्या कडेबाहेर आलेला कोंडा : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पावसाळा संपून हवा कोरडी व्हायला लागली की दवाखान्यात डोकं खाजवत येणाऱ्यांची रांग वाढतीय आणि सगळे एकच म्हणतात, "डॉक्टर, कोंडा लई झालाय". त्यातल्या बऱ्याच जणांना खरंच कोंडा असतोय, काहींना नसतोय. प्रश्न तेच ते येतायत म्हणून एकदाच सगळी उत्तरं देतो.

डोकं खाजतं, काळा शर्ट घातला की खांद्यावर पांढरं पीठ पडल्यासारखं दिसतं. लाल वगैरे काही नाही. हे सोरायसिस आहे का?

नाही, तुमच्या वर्णनावरून हा साधा कोंडा वाटतोय. बारीक, सुटा, पांढरा किंवा करडा भुगा, खालची कातडी नेहमीसारखी आणि सगळा प्रकार केसांच्या आतच, याला कोंडा म्हणतात. किटोकोनॅझोल २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, असं चार आठवडे वापरा. फेस केला की लगेच धुऊ नका, पाच मिनिटं डोक्यावर राहू दे. बहुतेक लोक अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतात आणि मग शाम्पूला शिव्या देतात. चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर मात्र दाखवायला या.

लिंबू आणि दही लावलं तर कोंडा जातो का?

नाही. लिंबानं खाजवलेली कातडी झोंबते, बाकी काही होत नाही.

माझा कोंडा पिवळसर आणि चिकट आहे, भुवयांत आणि नाकाच्या दोन्ही बाजूला पण साल निघते. सासूबाई म्हणतात डोकं कोरडं पडलंय, रोज तेल जिरव. काय करू?

सासूबाईंना नमस्कार सांगा आणि तेलाची बाटली तात्पुरती वर ठेवा. हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असावा, म्हणजे कोंड्याचाच थोरला भाऊ. मूळ दोन्हीचं एकच, मॅलेसेझिया नावाची बुरशी. ती सगळ्यांच्याच कातडीवर असते आणि कातडीतल्या तेलावर जगते, पण काहींची कातडी तिला जास्त चिडते. म्हणून जिथं तेल जास्त सुटतं तिथंच हे दिसतं, डोकं, भुवया, नाकाच्या कडेची घडी, कानामागं, पुरुषांच्या दाढीत, छातीच्या मधोमध. साल निघते म्हणून डोकं कोरडं आहे असं वाटतं, पण पापुद्रा बोटात चोळून बघा, मेणासारखा लागेल. त्यावर रोज रात्री तेल जिरवणं म्हणजे बुरशीला जेवायला वाढणं.

लालीबद्दल एक सांगतो. इंटरनेटवर जे फोटो असतात ते गोऱ्या कातडीचे. आपल्या सावळ्या रंगावर लाली लालभडक दिसतेच असं नाही, चेहऱ्यावर फिकट चट्टे दिसतात, डोक्यात कधी नुसता काळपट गुलाबी रंग. त्यामुळं "लाल नाही म्हणजे काही नाही" असं समजू नका. डोक्याला वरचाच शाम्पू चालेल, चेहऱ्याचं मलम मात्र बघितल्याशिवाय सांगणार नाही. नाकाशेजारची कातडी पातळ असते, तिथं चुकीची ट्यूब महागात पडते, पुढच्या उत्तरात कळेलच.

मिस्टरांना पाच वर्षं कोंडा आहे. सगळे शाम्पू झाले. आता कपाळावर केसांच्या खाली बोटभर पट्टा आलाय, जाड पांढरा. मेडिकलमधून ट्यूब आणली की जातो, बंद केली की दुप्पट येतो. कोंडा कपाळावर उतरतो का?

साधा कोंडा कपाळावर उतरत नाही. आज मला बोलायचं ते खरं यावरच, म्हणून जरा लांबेल.

गेल्या वर्षी एक पेशंट आला होता, वय ३४, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, दिवसभर डोक्यावर हेल्मेट. त्याचीपण गोष्ट हीच, पाच वर्षं कोंडा, घामानं होतंय असं सगळ्यांचं मत, स्वतःचंही. मी त्याला खिडकीजवळ उजेडात बसवलं आणि कंगव्यानं केस मागं ओढले. केसांच्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर खाली कपाळावर एक पट्टा, चांदीच्या वर्खासारखा चकाकणारा, जाड, एकावर एक थर बसलेला, आणि खाली जांभळट लाल रंग. त्याला म्हटलं डोळे मीट आणि कपाळावरून वर बोट फिरव, कड कुठं लागते सांग. पठ्ठ्यानं डोळे मिटून बरोबर जागेवर बोट थांबवलं. ही खूण लक्षात ठेवा. सोरायसिसच्या चट्ट्याला कड असते, हाताला लागणारी, नकाशात हद्द आखल्यासारखी. सेबोऱ्हिक कपाळावर आला तरी कड विरत जाते, कुठं संपलं ते सांगता येत नाही, आणि त्याचा पापुद्रा पातळ, पिवळट, तेलकट. सोरायसिसचा कोरडा, पांढरा, जाड.

मग मी डोकं सोडून बाकीचं बघितलं, जे पाच वर्षांत कुणीच बघितलं नव्हतं. कानामागं तसाच थर, मानेवर केसांच्या खाली तसाच. नखांवर बारीक खड्डे, शिवताना वापरायच्या अंगुस्तानावर असतात तसे. बेंबीत थोडी साल. कमरेखाली एक चट्टा, त्याला तो गजकर्ण समजून मलम चोळत होता. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का विचारलं तर म्हणाला, होय, अर्धा तास मूठ वळत नाही, पण ते कामामुळं. कामामुळं असेलही, पण सोरायसिसवाल्यांना सांध्यांची सूज येऊ शकते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर सांधा कायमचा वाकडा होतो, म्हणून त्याला त्याच आठवड्यात सांध्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. डोक्यात आणि नखांत सोरायसिस असणाऱ्यांनी सांध्यांकडं जास्तच लक्ष ठेवायला पाहिजे.

आता तुमच्या ट्यूबबद्दल. मेडिकलच्या काउंटरवर "खाजेची द्या" म्हटलं की जी ट्यूब येते तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड, तिन्ही एकत्र असतात. मागं बारीक अक्षरात क्लोबेटासोल लिहिलेलं असतं ते वाचा. स्टेरॉइड वाईट नाही, सोरायसिसला मीपण देतो, पण डोक्याला लोशन म्हणून, ठरलेले आठवडे, मग हळूहळू कमी करत. तुम्ही चट्टा गेला की एकदम बंद करता, म्हणून तो दुप्पट येतो. आणि कपाळावर महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, आणि आधी काय आजार होता हेसुद्धा ओळखू येईना होतं.

यापेक्षा वाईट म्हणजे इंजेक्शन. त्या पेशंटनं कुठंतरी "कोंड्याचं इंजेक्शन" घेतलं होतं, तीन आठवडे डोकं लख्ख, चौथ्या आठवड्यात हातापायांवरही चट्टे. कागद नव्हता, नाव माहीत नव्हतं, पण हा चढउतार बघून माझा संशय स्टेरॉइडवरच गेला. सोरायसिसमध्ये पोटातून किंवा इंजेक्शननं दिलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं तर आजार अंगभर उसळू शकतो, कधी पूने भरलेल्या फोडांसह, कधी सगळं अंग लाल होऊन, आणि मग ॲडमिट व्हावं लागतं. बिनलेबलच्या पुड्या "मुळासकट जातंय" म्हणून विकणारे पण असतात. चार दिवसांत जादू झाली तर खूश होण्याआधी त्या पुडीत काय आहे याची भीती वाटायला पाहिजे.

त्याला आम्ही काय केलं? आधी थर मऊ केला, कारण जाड थरावर लावलेलं औषध वरच्यावर राहतं. सॅलिसिलिक ॲसिडचं औषध रात्री, सकाळी धुऊन सुटेल तेवढंच काढायचं, नखानं उचकटायचं नाही. उचकटलं की खाली टाचणीच्या टोकाएवढं रक्त येतं, आणि जिथं जखम तिथं नवीन चट्टा उठतो, सोरायसिसची ती खोडच आहे. हेल्मेटची पट्टी घासत होती तिथंच पट्टा जास्त जाड होता, म्हणून आत मऊ सुती फडकं लावायला सांगितलं. मग लोशन. सहा आठवड्यांत कपाळ मोकळं झालं. आजार गेला नाही, ताब्यात आला, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तुमच्या मिस्टरांना हेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही, पण पाच वर्षं झाली आणि केसांची कड ओलांडली, आता सहावा शाम्पू आणू नका. त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. खर्चाचा प्रश्न असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग ओपीडीत जा.

सोरायसिस एकमेकांच्या कंगव्यानं लागतो का? मुलीचं लग्न ठरतंय.

लागत नाही. कंगव्यानं, टॉवेलनं, एका ताटात जेवून, कशानंच नाही.

सात वर्षांच्या मुलाला कोंडा झालाय, एका जागी केस तुटलेत. मोठ्यांचा शाम्पू चालेल का?

थांबा. या वयात साधा कोंडा सहसा होत नाही, कारण डोक्याला तेवढं तेल सुटत नसतं. साल, त्यात तुटलेले केस किंवा काळे ठिपके दिसत असले तर आधी गजकर्णाचा विचार करायचा. तो केसाच्या मुळात शिरतो, नुसत्या शाम्पूनं किंवा मलमानं जात नाही, पोटातून वजनाप्रमाणं औषध लागतं, आणि तो मात्र कंगव्यानं, टोपीनं पसरतो. याच आठवड्यात दाखवा, घरातल्या बाकी पोरांची डोकीपण बघा.

एक डॉक्टर सेबोऱ्हिक म्हणतात, दुसरे सोरायसिस. कुणाचं खरं?

कदाचित दोघांचं. काहींना दोन्हीची सरमिसळ असते, डोक्यात जाड थर आणि नाकाशेजारी तेलकट साल. अशा वेळी नखं, कोपरं, गुडघे, बेंबी बघून अंदाज येतो, नाहीच आला तर कातडीचा छोटा तुकडा तपासतात. तोपर्यंत एकाच डॉक्टरांकडं टिकून राहा, दर महिन्याला नवीन गाठू नका.

डोक्याचा फोटो पाठवला तर सांगाल का?

नाही. फोटोत थराची जाडी कळत नाही, कड हाताला लागत नाही आणि फ्लॅशमुळं सगळ्यांचाच कोंडा चांदीसारखा चकाकतो. समक्ष या. येताना दोन दिवस तेल लावू नका, आदल्या दिवशी डोकं धुऊ नका, टक्कल करून तर मुळीच येऊ नका. नेलपॉलिश काढून या. आणि आजपर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत घालून आणा.