टायरवरच्या आकड्यांवरून चाकाची उंची कशी काढायची?

प्रश्न: माझ्या स्विफ्टला 165/80 R14 टायर आहेत. यावरून रुंदी, साइडवॉलची उंची आणि एकूण व्यास कसा काढायचा? 185/65 टाकले तर चालतील का?

185/65 वाचलं आणि आमचे दाजी आठवले. त्यांचीही स्विफ्ट, रिम 14 ची. वरच्या मॉडेलला 185/65 असतात एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तिथे पुढे R15 असतं, हे सांगायचं राहिलं. टायरवाल्याने 185/65 R14 बसवून दिले. त्याचं काय जातंय?

मी म्हटलं, दाजी, गाडी खाली बसली. ते म्हणाले, टायर रुंद झालाय, म्हणजे मोठाच झाला ना!

मधला आकडा मिलिमीटर नसतो, तो रुंदीचा टक्का असतो. सगळा घोळ इथेच होतो. तुमच्या टायरची रुंदी 165 मिमी, तिचे 80 टक्के म्हणजे साइडवॉल 132 मिमी. ती रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून 264. रिम 14 इंच, गुणिले 25.4 म्हणजे 355.6. बेरीज 619.6 मिमी. R म्हणजे रेडियल, त्रिज्या नव्हे.

वरच्या मॉडेलचा 185/65 R15 असाच मोजा, 621.5 येतो. दोन मिमीचाही फरक नाही, कारण साइडवॉल कमी केली तेवढी रिम वाढवली. दाजींनी साइडवॉल कमी केली आणि रिम तीच ठेवली, त्यामुळे त्यांचा व्यास आला 596. गाडीचं पोट साधारण 12 मिमी खाली आलं. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर घासायला लागल्यावर दोष सस्पेन्शनला.

वर ॲव्हरेज वाढलं म्हणून पेढे! अहो, चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात, आणि मीटर फेरेच मोजतो. 100 किलोमीटर गेलात तर तो जवळजवळ 104 दाखवणार. पूर्वीचं 18 चं ॲव्हरेज काही न करता 18.7 दिसतं. पेट्रोल तेवढंच जळतंय. दाजींना हे अजून मान्य नाही.

तुम्हाला 14 च्या रिमवर रुंद टायर हवाच असेल तर 185/70 बघा, व्यास 614.6 येतो, मूळच्यापेक्षा एक टक्काही कमी नाही. हो, हे कागदावरचे आकडे आहेत. कंपनीगणिक प्रत्यक्ष माप थोडं इकडेतिकडे होतं, आणि 165 ही टायरची फुगलेल्या पोटापाशी मोजलेली रुंदी, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे. रिमची रुंदी त्या टायरला चालते का आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळच्यापेक्षा कमी नाही ना, तेही बघून घ्या.

आणि तुमच्याकडेही कुणी ॲव्हरेज वाढल्याचं सांगत असेल, तर त्यांना हायवेवर किलोमीटरचे दगड मोजत पन्नास किलोमीटर जायला सांगा आणि मग ट्रिप मीटर वाचायला लावा. आमच्याकडे ती वेळ आली की दाजींना नेमकं काम निघतं.