कौलांसारखे एकमेकांवर चढलेले शब्द

प्रश्न : मी इंदूरमध्ये मराठीत एम.ए. करते. लघुप्रबंधात एका जुन्या लेखातला परिच्छेद घेऊन शब्द मागेपुढे केले, तरी वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तो जुळता दाखवला. असे कसे झाले?

उत्तर : मी इंदुरातल्याच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अशा तपासणीचे अहवाल रोज पाहतो. सॉफ्टवेअर आपले वाक्य अखंड वाक्य म्हणून पाहतच नाही. ते पहिल्या शब्दापासून ठरावीक शब्दांचा एक तुकडा घेते, मग एकच शब्द पुढे सरकून दुसरा घेते. कौलारू छपरावर जसे एक कौल दुसऱ्यावर चढलेले असते, तसे हे तुकडे एकमेकांवर चढतात. इंग्रजीत त्यांना शिंगल म्हणतात, तेही छपराच्या फळ्यांवरूनच. प्रत्येक तुकड्याचे गणिताने एका संख्येत रूपांतर होते आणि दोन मजकुरांतल्या सारख्या संख्या मोजल्या जातात.

एक वाक्य घेऊ : ‘होळकरांच्या काळात इंदूर शहरात कापडाचा व्यापार वाढला आणि आसपासच्या गावांतून कापूस येऊ लागला.’ यात 13 शब्द आहेत, म्हणून तीन-तीन शब्दांचे 11 तुकडे पडतात. आता शेवट ‘कापूस आसपासच्या गावांतून येऊ लागला’ असा करा. ‘वाढला आणि आसपासच्या’पासून पुढचे 5 तुकडे मोडतात, पण ‘व्यापार वाढला आणि’पर्यंतचे 6 जसेच्या तसे राहतात. शिवाय काही प्रणाली तुकड्यातले शब्द अकारविल्हे लावून मगच संख्या काढतात. तसे केल्यास ‘आसपासच्या गावांतून कापूस’ आणि ‘कापूस आसपासच्या गावांतून’ हे एकच ठरतात व जुळणारे तुकडे 7 होतात.

हे झाले एका वाक्याचे. परिच्छेदात तर बदल आणखी विरून जातो. 200 शब्दांत 198 तुकडे असतात. शेजारच्या दोन शब्दांची अदलाबदल फार तर 4 तुकड्यांना धक्का लावते, कारण तेवढ्याच तुकड्यांत त्या दोघांपैकी कोणी तरी असतो. अशा पाच अदलाबदली केल्या तरी किमान 178 तुकडे शाबूत राहतात. एकही तुकडा उरू नये असे वाटत असेल, तर दर तीन शब्दांमागे काही तरी बदलावे लागेल, आणि तेवढे करणाऱ्याने परिच्छेद नव्यानेच लिहिला असता!

तुकडा लांब केला, समजा सात शब्दांचा, तर एकेका बदलाने जास्त तुकडे मोडतात आणि चोरी निसटू शकते. फार आखूड केला, तर ‘असे म्हणता येईल की’ यांसारखी सर्वांच्याच लेखनातली पदेही जुळतात. मराठीत आणखी एक अडचण अशी की ‘शहरात’चे ‘शहरामध्ये’ केले की शब्दच वेगळा ठरतो, आणि मूळ रूप शोधण्याची सोय नसेल तर त्याला धरून असलेले तिन्ही तुकडे मोडतात. अनुवादित मजकूर तर या पद्धतीने सापडतच नाही.

म्हणून अहवालातल्या एकूण टक्क्यांपेक्षा सलग रंगवलेल्या ओळी पाहा. तुरळक चार-पाच शब्दांचे डाग बहुधा रूढ पदांचे असतात. मात्र मध्ये एखादाच शब्द सोडून ओळीमागून ओळ रंगलेली असेल, तर तिथे मूळ लेखाचा संदर्भ द्या आणि तो भाग अवतरणात घ्या.